कॅपिटल जी आणि सात टन द्राक्षं

देवनागरीत कॅपिटल अक्षरं नसतात, ही गोष्ट इंग्रजी शिकायला लागल्यावर एकदा लक्षात येते आणि मग आपण ती विसरून जातो. विसरलं तरी बिघडत नाही. पत्र, बातमी, कथा यांचं तिच्यावाचून काही अडत नाही. अडतं ते करारात. मी नाशिकला सीबीएसजवळ, कोर्टाच्या आसपास, भाषांतराची कामं करतो. इंग्रजी करारांच्या मराठी प्रती, मराठी खरेदीखतांच्या इंग्रजी प्रती, अधूनमधून एखादं कुलमुखत्यारपत्र. इतकी वर्षं हे काम करूनही कॅपिटल अक्षर नेमकं काय करतं, हे मला मावसभावाच्या सात टन द्राक्षांमुळे कळलं.

त्याची दिंडोरी तालुक्यात दोन एकर थॉम्पसनची बाग आहे. ऑक्टोबर छाटणी उरकल्यावर त्यानं एका निर्यातदार कंपनीशी करार केला. करार मुळात इंग्रजीत, पण सहीच्या वेळी शेतकऱ्यांच्या हातात मराठी प्रत. हंगामात १८ टनांच्या आसपास माल निघाला. कंपनीनं ११ टन उचलला आणि उरलेला ७ टन मणी बारीक आहे, गोडी कमी आहे म्हणून सोडून दिला. तयार माल वेलीवर किती दिवस ठेवणार? त्यानं आठवडाभरात तो स्थानिक व्यापाऱ्याला दिला, थोडा बेदाण्याला गेला. महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं : कराराच्या कलम ९चा भंग झाल्यामुळे शेवटचा हप्ता रोखून ठेवण्यात येत आहे.

मराठी प्रतीतलं कलम ९ असं होतं : ‘उत्पादक हंगामामध्ये द्राक्षे अन्य कोणासही विकणार नाही.’ वाक्यात गूढ काही नाही. भावानं द्राक्षं विकली होती, दुसऱ्याला विकली होती आणि हंगामातच विकली होती. तो माझ्याकडे आला तो भांडायच्या तयारीनं आला नव्हता. हप्त्यातले निम्मे तरी सुटतील का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

मी इंग्रजी प्रत मागवून घेतली. तिच्यात सुरुवातीलाच व्याख्या होत्या. ‘ग्रेप्स’ म्हणजे करारात लिहिलेल्या गटातली थॉम्पसन जातीची अशी द्राक्षं, ज्यांचा मणी १६ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा आहे, ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, १७ किंवा जास्त आहे आणि जी रेसिड्यूच्या, म्हणजे फवारलेल्या औषधांच्या अंशाच्या, तपासणीत पास झाली आहेत. या तिन्ही गोष्टी जमल्या तरच ती कॅपिटल जीची ‘ग्रेप्स’. एखादी हुकली, की ती छोट्या जीची, म्हणजे आपली साधी द्राक्षं. आणि कलम ९ मध्ये जी कॅपिटल होता. म्हणजे दुसऱ्याला विकायची मनाई होती ती निर्यातीच्या मालाची. कंपनीनं स्वतःच बारीक आणि आंबट ठरवून सोडलेल्या ७ टनांशी त्या कलमाचा संबंधच नव्हता.

आता कोणी म्हणेल, मराठी प्रतीतही व्याख्या असणारच. होती. ‘द्राक्षे’ म्हणजे अमुक, असं अवतरणचिन्हात लिहिलेलं होतं. पण इंग्रजीत व्याख्येनंतर दोन वेगळे शब्द तयार होतात, मोठ्या अक्षराचा आणि छोट्या अक्षराचा. पुढच्या पानांवर कुठे हा येतो, कुठे तो. कलम ५ मध्ये वेलीवरच्या द्राक्षांची निगा कशी राखायची ते सांगितलंय, तिथे छोटा जी. कलम ९ मध्ये मोठा. मराठीत आल्यावर दोन्ही ‘द्राक्षे’ झाली. व्याख्या पहिल्या पानावर तशीच राहिली, पण तिचा शब्द पुढे साध्या शब्दात मिसळून गेला, दुधात पाणी मिसळावं तसा. नंतर कोणी ठरवायचं, कुठल्या ओळीत दूध आहे?

भाषांतर करणाऱ्यानं एकही शब्द चुकवलेला नव्हता, हे मला सगळ्यात टोचलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. खरं सांगायचं तर केलेलं आहे, अनेकदा.

इंग्रजी करारांत कॅपिटल अक्षराला तीन कामं असतात. पहिलं हे, व्याख्या केलेला शब्द ओळखू येणं. दुसरं, मथळे उठून दिसणं. तिसरं, कराराच्या स्वतःच्या कलमांचा उल्लेख वेगळा ठेवणं : करारातलं कलम मोठ्या एसचं ‘सेक्शन’, कायद्यातलं छोट्या एसचं. हे नियम कोणत्याही कायद्यानं घालून दिलेले नाहीत, ही वकिलांची रीत आहे. आपल्या संसदेचे कायदे तर ती रीत पाळतही नाहीत. २०१६चा रेरा कायदा काढून बघा. त्यात प्रवर्तक आणि सदनिका घेणारा या दोघांची रीतसर व्याख्या आहे, पण ‘प्रमोटर’ आणि ‘अलॉटी’ हे शब्द पुढे कायम छोट्या अक्षरानं येतात. मोठं अक्षर मिळतं ते ‘अथॉरिटी’ला, कारण ती संस्था आहे. ‘सेक्शन’ छोट्या एसनं, ‘चॅप्टर’ मोठ्या सीनं. राज्यघटनेच्या इंग्रजी मजकुरातही ‘आर्टिकल’चा ए छोटाच. कायदा असा निर्धास्त राहू शकतो, कारण व्याख्यांच्या कलमात त्यानं सुरुवातीलाच म्हणून ठेवलेलं असतं की संदर्भानं दुसरा अर्थ निघत नसेल तर हे शब्द या अर्थानं घ्यायचे. शिवाय कायद्याचा अर्थ लावायला न्यायालयं बसलेली आहेत. दिंडोरीच्या शेतकऱ्याला मात्र अर्थ लावून मिळेपर्यंत दोन छाटण्या निघून जातात.

आपल्याकडे कॅपिटल नाही म्हणून मराठी करार कच्चा, मराठीत कायद्याचं काम अचूक होत नाही, असं म्हणणारे लोक मला कोर्टाच्या आवारात रोज भेटतात. करारांच्या तळाशी जे वाक्य असतं, की दोन्ही प्रतींत तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल, ते याच समजुतीतून येतं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. कॅपिटल अक्षर ही इंग्रजीची सोय आहे आणि ती बऱ्यापैकी तकलादू सोय आहे. मराठीनं तिची नक्कल करू नये. ते काम मराठीनं शब्दानं करावं, आणि तो शब्द कानाला कळणारा असावा.

तकलादू का, ते याच करारात दिसलं. मी कंपनीला पत्र लिहिलं, कलम ९ मधल्या कॅपिटल जीकडे बोट दाखवलं. त्यांच्या वकिलांचं उत्तर हुशारीचं होतं. ते म्हणाले, कलम ७ बघा. त्यात लिहिलंय की साईजमध्ये न बसणारी ग्रेप्स उत्पादकानं २४ तासांत परत न्यावीत, आणि तिथेही जी कॅपिटलच आहे. म्हणजे नाकारलेला मालसुद्धा ‘ग्रेप्स’मध्येच धरलेला आहे, मग कलम ९ त्यालाही लागू.

कलम ७चं वाक्य मी पाच-सहा वेळा वाचलं तेव्हा गंमत लक्षात आली. ते वाक्य ‘ग्रेप्स’ या शब्दानंच सुरू होत होतं. इंग्रजीत वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटलच असतं, मग शब्द व्याख्येतला असो की बाजारातला. त्या जागी कॅपिटल जी आहे याचा अर्थ काहीच होत नाही. उलट व्याख्येतला अर्थ तिथे बसवून बघितला तर वाक्य वेडगळ होतं : ज्यांची साईज बसते अशी, साईज न बसणारी द्राक्षं. तिथे साधी द्राक्षंच अभिप्रेत असणार. मसुदा करणाऱ्यानं वाक्याची सुरुवात एका दुसऱ्या शब्दानं केली असती तर हा वाद उद्भवला नसता, पण वाक्य कशानं सुरू करावं याचा इतका विचार कोण करतं?

मग त्यांनी कलम ९चा मथळा पुढे केला. तो सगळाच्या सगळा कॅपिटल अक्षरांत होता : सेल ऑफ ग्रेप्स टू अदर्स. सगळीच अक्षरं मोठी असली की मोठ्या जीला काय किंमत? मथळ्यांचा हा दोष सगळीकडे सारखाच आहे. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं केलं काय किंवा सगळी अक्षरं मोठी केली काय, व्याख्येतला शब्द आणि साधा शब्द यांच्यातला फरक तिथे पुसला जातो. म्हणूनच बऱ्याच करारांत एक ओळ घालतात, की मथळे केवळ सोयीसाठी आहेत, त्यांवरून अर्थ लावू नये. या करारातही ती ओळ होती, शेवटून दुसऱ्या पानावर. मराठी मथळ्यांबद्दल मला वेगळं फार सांगायचं नाही. ते मध्यभागी, ठळक अक्षरांत द्यावेत, त्यांत व्याख्येतला शब्द शक्यतो वापरू नये आणि ती ओळ मात्र विसरू नये.

हप्ता शेवटी मिळाला, अडीच महिन्यांनी, व्याजाशिवाय. भावाला तेवढं पुरलं. माझं समाधान झालं नाही, कारण पुढच्या हंगामाआधी कंपनीनं मराठी प्रत ‘दुरुस्त’ केली. व्याख्येतलं ‘द्राक्षे’ जिथे जिथे आलं तिथे त्यांनी ते ठळक टाइपात केलं. एवढंच.

हा उपाय अनेकांना सुचतो. कॅपिटल नाही ना, मग बोल्ड करा. संगणकाच्या पडद्यावर ते छानही दिसतं. ती नवी प्रत माझ्याकडे आली ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोंच्या रूपात. मूळ कागदाची झेरॉक्स, झेरॉक्सचा मोबाइलवर काढलेला फोटो. ठळक ‘द्रा’च्या पोटातली मोकळी जागा भरून गेली होती आणि त्याचा एक काळा ठिपका झाला होता. साधा ‘द्रा’ही शाईच्या जोरावर बराच जाड आलेला. काही ओळींवर मला छातीठोकपणे सांगता येईना की हा शब्द ठळक आहे की नाही. शिवाय टाइप करणाऱ्यानं मूळ फाइलमधून मजकूर उचलून दुसऱ्या फॉन्टमध्ये टाकला, की ठळकपणा गेलाच. ज्या खुणेवर एका शेतकऱ्याचा हप्ता अवलंबून आहे, ती झेरॉक्सच्या मशीनमध्ये किती शाई उरली आहे त्यावर सोडायची?

पण खरी अडचण याहून जुनी आहे. आपल्याकडे दस्त वाचला जातो तसाच तो ऐकला जातो. खरेदीखताच्या शेवटी हमखास लिहिलेलं असतं, की मजकूर वाचून पाहिला, वाचून दाखवला, समजला, मान्य आहे. हे नुसतं म्हणायला नसतं. दस्तलेखकाच्या टेबलापाशी सत्तरीच्या पुढचे आजोबा बसलेले असतात, चष्मा घरी राहिलेला असतो, आणि नातू किंवा मुंशी एकेक अट मोठ्यानं वाचत असतो. आजोबा मध्येच थांबवतात, ‘बांधाचं पुन्हा वाच.’ त्या टेबलावर ठळक अक्षराला आवाज नसतो. अवतरणचिन्हालाही नसतो. कॅपिटल जीलाही नव्हताच, इंग्रजीतसुद्धा. इंग्रजी करार मोठ्यानं वाचला तर मोठा जी आणि छोटा जी सारखेच ऐकू येतात. कॅपिटलवर उभा असलेला करार मुळातच डोळ्यांनी वाचू शकणाऱ्यांसाठी लिहिलेला असतो.

मराठी दस्तांनी हा प्रश्न पूर्वीच सोडवला होता. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हे शब्द बघा. एकदा सुरुवातीला नावपत्त्यासकट सांगितलं, की पुढे कितीही पानं झाली तरी कोण कोण ते कानाला कळतं. ते रोजच्या बोलण्यातले शब्द नाहीत, म्हणून साध्या शब्दांत मिसळत नाहीत, आणि त्यांतच भूमिका सांगितलेली आहे. ‘सदर मिळकत’ किंवा ‘सदरहू जमीन’ यातला ‘सदर’ हाही तोच प्रकार. ‘सदर’ म्हणजे आपलं कॅपिटल अक्षरच, फक्त ऐकू येणारं.

या जुन्या शब्दांतही खोट आहे, ती लपवायचं कारण नाही. ‘देणार’ आणि ‘घेणार’ यांत एका अक्षराचा फरक. एका साठेखतात घरपट्टीची थकबाकी ‘लिहून घेणार’ यांनी भरायची असं टाइप झालेलं मी पाहिलं आहे. ठरलं होतं बरोबर उलटं, आणि सही होईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता मी शक्य तिथे ‘विकणारे’ आणि ‘खरेदीदार’ लिहितो. ‘सदर’चं दुखणं वेगळं. मिळकत एकच असेपर्यंत तो चोख काम करतो. दस्तात दोन गट आले, एक विकलेला आणि दुसरा ज्यातून येण्याजाण्याचा रस्ता दिलेला, की ‘सदर गटातून’ म्हणजे कुठल्या गटातून हे कोणालाच सांगता येत नाही. तरी दस्तलेखक सवयीनं प्रत्येक नामाला ‘सदर’ लावत जातात : सदर इसम, सदर रक्कम, सदर विहीर, सदर दिवशी. सगळ्यांनाच टोपी घातली की टोपीवाला ओळखायचा कसा? मी अशा वेळी ‘विकलेली जमीन’ आणि ‘रस्त्याची जमीन’ असे दोन शब्द धरून बसतो. शाळकरी वाटतात. पण वाचून दाखवताना आजोबा थांबवत नाहीत.

कलमांच्या उल्लेखांचा गोंधळ याहून मोठा आहे, कारण मराठीत ‘कलम’ हा शब्द फार राबवला गेला आहे. कायद्याचं ते कलम, कराराचं ते कलम. घटनेसाठी सरकारी मराठीत ‘अनुच्छेद’ हा शब्द आहे, पण वर्तमानपत्रं आणि आपण सगळे ‘कलम ३७०’च म्हणत आलो. भावाच्या करारातली वाद मिटवण्याची अट याचा नमुना होती. इंग्रजीत होतं, की लवादाची नेमणूक मोठ्या एसच्या सेक्शन १४ प्रमाणे, आणि ती तशी झाली नाही तर छोट्या एसच्या सेक्शन ११ प्रमाणे करावी. मोठा एस म्हणजे हा करार. छोटा एस म्हणजे त्याच अटीत वर नाव घेतलेला १९९६चा लवादाचा कायदा, ज्याचं कलम ११ लवाद कसे नेमायचे याबद्दलच आहे. मराठी प्रतीत हे झालं ‘कलम १४ प्रमाणे व तसे न झाल्यास कलम ११ प्रमाणे’. आणि कराराचं स्वतःचं कलम ११ काय सांगत होतं? कंपनीचे प्लास्टिकचे क्रेट धुऊन, मोजून परत करण्याबद्दल. म्हणजे मराठी प्रत अक्षरशः पाळायची तर लवाद क्रेटच्या नियमानं नेमायचा.

इथे इंग्रजीची रीतही भरवशाची नाही. छोटा एस बघून वाचणाऱ्यानं ‘हं, कायद्यातलं’ असं मनात म्हणावं, अशी तिची अपेक्षा. चांगला मसुदा करणारा एसवर विसंबत नाही, तो पुढे ‘अमुक कायद्याचं’ असं लिहितोच. मराठीत यावर एक सोपा उपाय आहे आणि त्याला नवा शब्द घडवावा लागत नाही. करारात असतात त्या अटी. ‘अटी व शर्ती’ हे शब्द तर आपल्याला तोंडपाठ आहेत. तेव्हा कराराची ती ‘अट १४’, कायद्याचं ते ‘कलम ११’, आणि कायद्याच्या नावाशिवाय ‘कलम’ हा शब्द करारात येऊच द्यायचा नाही. मी हे पाळायला लागल्यापासून एक फायदा झाला : तपासताना फक्त ‘कलम’ हा शब्द शोधायचा आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या आधी कायद्याचं नाव आहे की नाही एवढंच बघायचं.

शोधण्यावरून आठवलं. मराठीत व्याख्येचे शब्द तपासणं इंग्रजीपेक्षा किचकट आहे, कारण आपला शब्द विभक्ती लागली की रूप बदलतो. ‘द्राक्षे’ शोधलं तर ‘द्राक्षांना’, ‘द्राक्षांची’ सापडत नाहीत. अवतरणचिन्हात शब्द घालणाऱ्यांची तर आणखी पंचाईत : चिन्ह ‘द्राक्षां’नंतर बंद करायचं की ‘ना’नंतर? एकाच दस्तात दोन्ही तऱ्हा मी पाहिल्या आहेत. म्हणून व्याख्येसाठी शब्द निवडतानाच तो सगळ्या विभक्तींत कसा दिसतो ते म्हणून बघावं. ‘माल’ बरा, कारण मालाचा, मालाला, मालातून या सगळ्यांत ‘माल’ दिसत राहतो आणि एका शोधात सगळे सापडतात. ‘रस्ता’ तसा नाही, त्याचा ‘रस्त्या’ होतो.

माझ्या एका वकील मित्राला हे सगळं पटत नाही. त्याचं म्हणणं, कानाला कळणारे शब्द घ्यायचे म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोन-दोन शब्द, मसुदा लांबतो, आणि इंग्रजी प्रतीशी ओळीला ओळ जुळत नाही. लांबतो हे खरं. भावाच्या करारात साधारण पाऊण पान वाढलं. जुळण्याबद्दल मात्र मी त्याच्याशी सहमत नाही. व्याख्येच्या अटीतच लिहिता येतं, की इंग्रजी प्रतीत मोठ्या जीनं लिहिलेल्या शब्दासाठी या प्रतीत हा शब्द वापरला आहे. एका ओळीत काम होतं. मग इंग्रजी प्रत ग्राह्य असं म्हणायची वेळ सहसा येत नाही, आणि आली तरी शेतकऱ्याला आपण कशावर सही करतोय ते आधी कळलेलं असतं.

कंपनीशी बोलणी करून गेल्या हंगामाआधी मराठी मसुदा मीच नव्यानं केला. ‘द्राक्षे’ या शब्दाची व्याख्या काढून टाकली. द्राक्षं म्हणजे द्राक्षं, वेलीवरची, क्रेटमधली, कुठलीही. साईज, ब्रिक्स आणि रेसिड्यू या तिन्हींत बसलेल्या मालाला नाव दिलं ‘पात्र माल’, बाकीच्याला ‘उरलेला माल’. मग प्रत्येक अटीत जाऊन इंग्रजीतला जी बघून योग्य शब्द बसवायला लागलो आणि काही ठिकाणी अडलो. इंग्रजी प्रतीच्या एका उपअटीत उत्पादकानं कॅपिटल जीच्या ग्रेप्सवर ठरलेल्या औषधांचीच फवारणी करावी असं होतं. डोळ्यांनी वाचताना त्यात काही खटकत नाही. मराठीत ते झालं ‘पात्र मालावर फवारणी करावी’ आणि मोठ्यानं वाचताच मी हसलो. माल पात्र ठरेपर्यंत तो तपासून, तोडून झालेला असतो. फवारणी बागेवर करतात. मूळ मसुद्यातली चूक इंग्रजीत इतके दिवस कोणाला दिसली नव्हती, कारण मोठा जी तिला झाकून बसला होता. तिथे ‘बागेवर’ लिहिलं. अट ९ झाली : ‘उत्पादक हंगामात पात्र माल दुसऱ्या कोणाला विकणार नाही. उरलेला माल तो कोणालाही विकू शकतो.’

सहीच्या दिवशी कंपनीचा माणूस घरी आला. ओट्यावर बसून भावाच्या मुलीनं सगळा करार मोठ्यानं वाचला. माझे मावसकाका, म्हणजे भावाचे वडील, डोळे मिटून ऐकत होते. झोप लागली की काय असं वाटत होतं. अट ९ आली तसं त्यांनी हात वर केला.

‘पात्र म्हणजे कधी पात्र?’ त्यांनी विचारलं. ‘रेसिड्यूचा कागद पंधरा दिवस आधी येतो. साईज तुम्ही तोडणीच्या दिवशी बघता. मधल्या दिवसांत आमचा माल पात्र का उरलेला?’

कंपनीच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी व्याख्या पुन्हा वाचली. तीन अटी होत्या, त्या कोणत्या दिवशी तपासायच्या ते ना इंग्रजीत लिहिलं होतं ना माझ्या मराठीत. त्यानं साहेबांना फोन लावला, आणि मी पेनानं व्याख्येच्या शेवटी ‘तोडणीच्या दिवशी, बागेवर, दोघांसमोर’ असं लिहून पुढे सह्यांसाठी जागा सोडली.